माहीमच्या एका घरातले नळ: मुलामा का सुटतो आणि कशावरचा टिकतो

माहीमला समुद्राच्या अंगाला असलेल्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आमच्या परिचयाच्या एका काकूंचे घर आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी दोन्ही न्हाणीघरे नव्याने करून घेतली आणि दोन्हींत एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले, क्रोम मुलाम्याचे नळ एकाच दिवशी बसवले. ऑक्टोबर 2022 मध्ये, म्हणजे दोन पावसाळे उलटल्यावर, त्यांनी मला ते पाहायला बोलावले, कारण माझी नोकरीची बहुतेक वर्षे वसईच्या एका मुलाम्याच्या कारखान्यात गेली आहेत. बेसिनच्या नळाच्या दांडीवर फोड आले होते, काही फोड फुटून त्यांतून पांढरी भुकटी बाहेर येत होती आणि एका ठिकाणी क्रोमचा पापुद्रा नखाने उचलता येत होता. त्याच्या धारेने काकूंचे बोटही एकदा कापले होते.

प्लंबरने निदान करून टाकले होते. "साहेब, पाण्याचे क्षार आहेत हे, आणि वर समुद्राची हवा. नळ पितळेचाच आहे, बिलावर लिहिलंय बघा," असे तो म्हणाला. बिलावर खरोखरच 'पितळ' असे लिहिलेले होते. मात्र माझ्या मनात दोन शंका आल्या. पहिली अशी की पाण्याचा क्षार साचतो तो जिथे थेंब वाळतो तिथे, म्हणजे तोटीच्या तोंडाशी आणि बैठकीभोवती, आणि तो मुलाम्याच्या वर बसतो. इथे तोटीचे तोंड स्वच्छ होते आणि भुकटी फोडाच्या आतून येत होती. शिवाय या इमारतीला महापालिकेचे तलावाचे पाणी मिळते, जे बरेच मृदू असते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यासारखे जाड पांढरे थर ते सहसा सोडत नाही. दुसरी शंका अधिक महत्त्वाची होती. एकाच नळाची दांडी सोलून निघत होती आणि तिला चिकटूनच असलेल्या नळाच्या अंगावर मात्र दोन-तीन बारीक ठिपक्यांपलीकडे काही नव्हते. पाणी तेच आणि हवाही तीच असताना एवढा फरक का पडावा?

दांडीच्या खालच्या बाजूचा छोटा स्क्रू सोडवून ती काढली आणि आतल्या खोबणीत, जिथे मुलामा नीट पोहोचत नाही, तिथे कानसेने एक रेघ ओढली. रेघ राखाडी निघाली. पितळ असते तर पिवळी निघाली असती. नळाचे अंग पितळेचे होते, त्यामुळे बिल तसे खोटे नव्हते. पण दांडी जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात दाबाने ओतलेली होती. बाजारातल्या पितळी म्हणवणाऱ्या अनेक नळांची रचना अशीच असते, कारण दांडीला आतून पाण्याचा दाब सोसावा लागत नाही आणि जस्त पितळेपेक्षा स्वस्त पडते, शिवाय कमी तापमानाला वितळून नाजूक आकारांत सहज ओतता येते. वजनावरूनही थोडा अंदाज येतो, कारण पितळेची घनता 8.4 च्या आसपास असते आणि या मिश्रधातूची 6.6 ते 6.7, मात्र आतून पोकळ केलेल्या दांडीच्या बाबतीत हात फसतो. कानशीची रेघ फसवत नाही.

ती दांडी आणि नळाच्या अंगाचा एक तुकडा मी कारखान्यात नेला, रेझिनमध्ये बसवून आडवा कापला, घासून चकचकीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. क्रोमचा थर दोन्हींवर मायक्रॉनच्या चौथाईच्या आसपास होता. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घेतले, तर ज्याला आपण 'क्रोमचा नळ' म्हणतो त्यावर क्रोम किती असते ते कळेल. क्रोमखाली निकेल होते. नळाच्या अंगावर ते 9 मायक्रॉन भरले, दांडीच्या बाहेरच्या बाजूला 6 आणि खालच्या खोलगट भागात जेमतेम 3. विजेने चढवलेला मुलामा टोकांवर आणि कडांवर जाड बसतो व खोलगट जागी पातळ राहतो, त्यामुळे यात आश्चर्य नव्हते. पहिले फोड दांडीच्या खालच्या बाजूलाच आले होते, हे काकूंनी आधीच सांगितले होते, कारण नळ उघडताना तिथेच बोटाला खरखर लागत असे.

आता हे घडते कसे ते पाहू. क्रोम हवेत स्वतःवर अतिशय पातळ आणि टणक ऑक्साइडचा पडदा धरते, म्हणून ते चकचकीत राहते व सहजी ओरखडत नाही. पण हा थर अखंड नसतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रे असतात. त्यामुळे गंजापासून राखण करण्याचे खरे काम खालच्या निकेलचे असते. छिद्राशी खारट ओल पोहोचली की क्रोम आणि निकेल मिळून एक छोटी विद्युतघटच तयार होते, ज्यात क्रोम सुरक्षित राहते आणि निकेल झिजते. क्रोमचे क्षेत्र मोठे आणि छिद्राशी उघडे पडलेले निकेल टाचणीच्या टोकाएवढेही नसते, म्हणून सारी झीज त्या एका बिंदूवर एकवटते आणि तिथे खाली खड्डा पडत जातो. खड्डा तळाच्या धातूपर्यंत गेला की पुढचा प्रकार त्या धातूवर ठरतो.

खाली पितळ असेल तर गती मंदावते. पितळ आणि निकेल यांच्यातला विद्युत-फरक फार नसतो, त्यामुळे पितळ हळूहळू झिजते, एखादा हिरवट ठिपका दिसतो आणि वरचा मुलामा आपल्या जागी बसून राहतो. खाली जस्त असेल तर मात्र गोष्ट उलटते, कारण जस्त निकेल आणि तांबे या दोघांपेक्षाही फार क्रियाशील धातू आहे. ते भराभर झिजते आणि त्यापासून तयार होणारी पांढरी क्षारयुक्त भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. बाहेर पडायला वाट फक्त टाचणीएवढी असल्यामुळे ती भुकटी मुलाम्यालाच खालून ढकलते. आपल्याला जो फोड दिसतो तो हाच. मुलामा वरून सोलला जात नाही, तर खालून उचलला जातो. म्हणूनच 'पॉलिश निघालं' या नेहमीच्या बोलण्यात दोष चुकीच्या थरावर टाकला जातो. दांडीवरच्या सुटलेल्या पापुद्र्याची वरची बाजू मी कापडाने पुसली, तेव्हा ती आरशासारखी चमकत होती.

ओतीव जस्ताची आणखी एक अडचण आहे आणि ती कारखान्यातच जन्माला येते. दाबाने ओतलेल्या तुकड्याची वरची कातडी घट्ट असते, पण आत हवेचे बारीक पोकळ बुडबुडे राहतात. चकाकी आणण्यासाठी पॉलिशवाल्याने चाकावर जरा जास्त दाब दिला की कातडी घासली जाऊन ते बुडबुडे उघडे पडतात, आणि मुलाम्याच्या टाकीतले द्रावण त्यांत अडकून वरून बंद होते. असा तुकडा तपासणीत निर्दोष दिसतो आणि ग्राहकाच्या घरी काही महिन्यांनी फोड धरतो. शिवाय निकेलची टाकी आम्लधर्मी असल्यामुळे ती उघडे जस्त खाते, म्हणून आधी सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा अखंड थर द्यावा लागतो. तो कुठे विरळ राहिला की पुढचे थर कितीही चांगले दिले तरी पाया कच्चाच राहतो. जस्तावर टिकाऊ मुलामा होतच नाही असे नव्हे. मोटारींच्या भागांवर वर्षानुवर्षे होत आला आहे. पण त्याला जाड तांबे, जाड निकेल आणि कडक तपासणी लागते, आणि दांडी जस्ताची करण्यामागे मुळात पैसे वाचवण्याचा हेतू असतो.

प्लंबरच्या म्हणण्यातला समुद्राचा भाग मात्र निम्मा खरा होता. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा लाटांचे तुषार उचलून आत आणतो, आणि त्या तुषारांत नुसते मीठ नसते. साधे मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी शोषून स्वतः विरघळते. समुद्राच्या क्षारांतले मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओले होते. मुंबईची हवा पावसाळ्यात दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर असते आणि एरवीही क्वचितच 33 च्या खाली उतरते. याचा अर्थ असा की नळावर एकदा समुद्राचा क्षार बसला की तो पुसून काढेपर्यंत पूर्ण कोरडा होत नाही, आणि गंजाला लागणारी ओल वर्षभर तिथेच राहते. गंमत म्हणजे बाहेरच्या खिडकीचे गज पावसाने निदान धुऊन तरी निघतात, घरातल्या नळाला ते भाग्य नसते. दांडीच्या खालच्या बाजूला तर कोणाचे फडकेही पोहोचत नाही.

इथपर्यंत सगळे जुळले होते. पण दुसरे न्हाणीघर पाहिल्यावर हिशेब चुकला. ते आतल्या बाजूला, डक्टला लागून आहे, तिथे समुद्राचा वारा जवळजवळ पोहोचतच नाही, आणि तरीही तिथली अवस्था अधिक वाईट होती. दांडीवर फोड होतेच, शिवाय नळाच्या पितळी अंगावरही क्रोम जाऊन मोठे पिवळसर, धुरकट पट्टे उमटले होते. समुद्राकडच्या नळांच्या अंगावर असे काही नव्हते. बेसिनखालचे कपाट उघडल्यावर उलगडा झाला. आत संडास साफ करण्याच्या द्रावणाची बाटली आणि सुट्या ॲसिडचा एक कॅन होता, कॅनचे झाकण सैल होते आणि कपाटाच्या बिजागऱ्या तांबड्या गंजाने अक्षरशः फुलल्या होत्या. काकू म्हणाल्या, "अहो, बाई दर शनिवारी ॲसिडनेच फरशी घासते. त्याशिवाय तिला स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही." पंखा बंद पडून वर्ष झाले होते.

संडास साफ करण्याच्या अनेक द्रावणांत साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि सुटे ॲसिड त्याहून तीव्र असते. त्याची वाफ नळावरच्या ओलसर पडद्यात विरघळते आणि तिथे सौम्य आम्ल तयार होते. मीठ क्रोमच्या छिद्रांतून आत शिरते, हे आम्ल खुद्द क्रोमलाच विरघळवते. आमच्या कारखान्यात मुलामा बिघडलेला तुकडा परत घ्यायचा झाला, की क्रोम उतरवण्यासाठी आम्ही तो हायड्रोक्लोरिक आम्लातच बुडवत असू आणि काही मिनिटांत खालचे पिवळसर निकेल उघडे पडत असे. त्या न्हाणीघरात तेच काम दर शनिवारी थोडे थोडे चालू होते. पिवळसर पट्टे होते ते पितळ नव्हते, निकेल होते. त्यामुळे या जागी आधी ॲसिड बंद करणे आणि पंखा दुरुस्त करणे भाग होते. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत स्टेनलेस स्टीलही डागाळते, त्यामुळे महागातला धातू आणून हा प्रश्न सुटला नसता.

मग नवे नळ कोणते घ्यायचे? काकूंच्या मुलाला काळे, बिनचकाकीचे हवे होते, काकूंना 'जन्मभर टिकणारे'. दुकानात आम्ही तिघे गेलो, खिशात छोटी कानस घेऊन. विक्रेत्याला ती फारशी आवडली नाही.

माझी पहिली अट अशी होती की अंग आणि दांडी दोन्ही पितळेची हवीत, आणि ते बिलावर स्वतंत्रपणे लिहून मिळावे. दुसरी अट निकेलविषयी होती. चांगल्या मुलाम्यात निकेलचे दोन थर देतात: खाली गंधकविरहित, अर्धचकचकीत निकेल आणि वर थोडे गंधक असलेले चकचकीत निकेल. वरचे निकेल खालच्यापेक्षा अधिक क्रियाशील असते, म्हणून खड्डा खालच्या थराशी पोहोचला की तो आणखी खोल न जाता आडवा पसरतो आणि पितळेपर्यंत जायला त्याला बराच अधिक काळ लागतो. दुकानदाराला थरांची नावे माहीत नसतात, कंपनीच्या तांत्रिक विभागाला असतात. आम्ही ईमेल पाठवून विचारले आणि उत्तर आले. त्याच उत्तरात मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे तासही मागून घेतले. या चाचणीत 5 टक्के मिठाच्या पाण्याचे धुके 35 अंश तापमानाला सोडतात, आणि EN 248 या युरोपीय मानकात नळांच्या निकेल-क्रोम मुलाम्यासाठी 200 तासांची अट आहे. तास सांगताना कोणती चाचणी हे विचारणे आवश्यक आहे, कारण ॲसेटिक आम्ल आणि तांब्याचा क्षार घालून 50 अंशांवर केली जाणारी चाचणी फार कठोर असते आणि तिचे तास साध्या चाचणीच्या तासांशी ताडून पाहता येत नाहीत. तासांचे वर्षांत रूपांतर करणारे सूत्रही नाही. एक नळ दुसऱ्यापेक्षा बरा की नाही, एवढेच त्यातून कळते.

काळ्या रंगाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होता. बाजारात काळा नळ दोन अगदी वेगळ्या रीतींनी होतो. एक म्हणजे पावडर कोटिंग, म्हणजे भाजून पक्का केलेला रंगाचा जाड थर. तो अखंड असेपर्यंत धातूला हवेपासून पूर्ण तोडून ठेवतो, पण पान्याने किंवा अंगठीने एकदा टवका उडाला की ओल त्या कडेतून रंगाखाली सरकते आणि थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. दुसरी रीत पीव्हीडी, म्हणजे निर्वात कोठीत धातूची वाफ करून तिचा अतिशय टणक थर बसवणे. सोनेरी छटा टायटॅनियम किंवा झिर्कोनियम नायट्राइडच्या असतात आणि काळ्या छटाही या रीतीने मिळतात. हे थर ओरखडे आणि घासणे फार चांगले सोसतात आणि स्वतः गंजत नाहीत. पण पीव्हीडीचा थरही मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी जाडीचा असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रे असतात, म्हणून गंज रोखण्याचे काम इथेही खालच्या निकेल-क्रोमलाच करावे लागते. जस्ताच्या दांडीवर पीव्हीडी दिली तर फोड येतातच, फक्त ते सोनेरी येतात. लाखेचा पारदर्शक थर दिलेल्या 'अँटिक' पितळी छटा मी पाहिल्याही नाहीत; समुद्राकाठच्या न्हाणीघरात त्या सर्वांत आधी जातात असा माझा अनुभव आहे.

स्टेनलेस स्टीलचे नळ हा खरा पर्याय आहे, कारण त्यावर सोलून निघण्यासारखा मुलामाच नसतो. पण तिथेही नुसते 'स्टेनलेस' म्हणून भागत नाही. 304 प्रतीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि समुद्राकाठी तिच्यावर चहाच्या ओघळांसारखे तपकिरी डाग पडतात. डाग वरवरचे असले तरी दिसतात. 316 प्रतीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडपुढे ती बरीच अधिक तग धरते. 202 प्रतीत निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते आणि ती 304 म्हणून खपवली जाते. लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला इथे उपयोगाचा नाही, कारण 202, 304 आणि 316 यांपैकी कोणतीच प्रत चुंबकाला धड चिकटत नाही. चकचकीत पॉलिश केलेला पृष्ठभाग रेघा ओढलेल्या पृष्ठभागापेक्षा कमी डागाळतो, कारण रेघांच्या चरांत मीठ अडकून बसते.

शेवटी समुद्राकडच्या न्हाणीघरात पितळी दांडीचे, दुहेरी निकेलचे साधे क्रोम नळ बसवले. आतल्या न्हाणीघरात मुलाचा हट्ट पुरवून काळे पीव्हीडीचे, पितळी अंगाचे आणि पितळी दांडीचे. हँड शॉवर प्लास्टिकचाच राहिला, कारण प्लास्टिक गंजत नाही. मात्र त्यावरचे क्रोम गरम पाण्याने सुटू शकते, कारण तापल्यावर प्लास्टिक धातूपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, म्हणून मुलामा नसलेला पांढरा घेतला. कपडे धुण्याच्या बाल्कनीत, जिथे दिसण्याशी कोणाला देणेघेणे नव्हते, तिथे पीटीएमटी प्लास्टिकची तोटी लावली. ॲसिडचा कॅन घराबाहेर गेला, पंखा सुरू झाला, आणि रात्री शेवटची आंघोळ झाली की नळ साध्या पाण्याने धुऊन दांडीच्या खालच्या बाजूसकट कोरडे पुसायचे असे ठरले. तारेची घासणी बंद केली, कारण ती ओरखडे तर काढतेच, शिवाय लोखंडाचे कण मागे सोडते आणि तेच पुढे गंजतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये, आणखी दोन पावसाळ्यांनंतर, मी पुन्हा पाहणी केली. दोन्ही न्हाणीघरांतल्या नळांवर फोड नव्हता, आणि भिंग लावून पाहिल्यावर समुद्राकडच्या एका तोटीच्या बुडाशी दोन ठिपके सापडले. माझी चूक वेगळ्याच जागी निघाली. भिंतीला टेकणारी गोल चकती, जिला प्लंबर फ्लँज म्हणतात, ती नळासोबत आली होती म्हणून मी तपासलीच नव्हती. ती पातळ स्टीलच्या पत्र्याची होती, तिच्या मागे पाणी साचत होते आणि तिच्या कडेने तपकिरी ओघळ टाइलवर उतरले होते. तिच्या जागी पितळी चकती बसवली आणि मागची फट सिलिकॉनने बंद केली. टॉवेलच्या 304 च्या दांडीवरही चहासारखे डाग आले होते. ती बदलू या असे मी सुचवले, पण काकूंनी तिच्यावर टॉवेल जरा रुंद पसरला आणि म्हणाल्या, "राहू द्या, ती काही सोलत नाही ना?"